मॉर्निंग स्टार चांगला आहे, पण सौदा चांगला आहे का?

प्रश्न : एका मिडकॅप शेअरच्या डेली चार्टवर मॉर्निंग स्टार झालाय, चार्ट सोबत जोडला आहे. ३ लाखांची एफडी मोडून उद्या सकाळी घेऊ का? माझ्याकडच्या दुसऱ्या शेअरमध्ये इव्हनिंग स्टार दिसतोय, तो विकून टाकू का?

उत्तर : एफडी मोडू नका आणि उद्या सकाळी बाजार उघडताच खरेदीही करू नका. तुमचा पॅटर्न खोटा नाही, उलट बऱ्यापैकी चांगला आहे. अडचण आहे ती तुम्ही घेऊ पाहताय त्या भावात आणि रकमेत.

आधी पॅटर्न तपासू. शेअर ४७० वरून सरळ घसरत आलाय, म्हणजे उलटण्यासाठी आधी कल असावा लागतो तो इथे आहे. सोमवारची लाल कॅण्डल ४१८ ला उघडून ४०२ ला बंद झाली. मंगळवारी शेअर खाली गॅप देऊन ३९९ ला उघडला, ३९४ पर्यंत गेला आणि ४०१ वर बंद झाला. बुधवारी ४०३ ला उघडून ४१४ ला बंद. सोमवारच्या १६ रुपयांच्या बॉडीचा मध्य ४१० येतो आणि बुधवारचा बंद भाव त्याच्या वर आहे. पाऊण घसरण एका दिवसात भरून निघाली. तिसरी कॅण्डल निम्म्याच्या खालीच अडकली असती, तर मी या आकृतीला मॉर्निंग स्टार म्हटलंच नसतं.

जागाही योग्य आहे. चार्टवर आधीचा स्विंग लो ३९६ ला दिसतो. मंगळवारी भाव त्याच्या खाली डोकावला, तिथे स्टॉपलॉस उडाले असतील, पण बंद होताना तो पुन्हा वर आला. हीच आकृती घसरणीच्या मधेच, आसपास कुठलाही सपोर्ट नसताना झाली असती, तर तिच्यावर फारसा भरवसा ठेवता आला नसता.

मात्र दोन गोष्टी कच्च्या आहेत. बुधवारी साधारण ६ लाख शेअर्सचे व्यवहार झाले, तर २० दिवसांची सरासरी ९ लाख आहे. विकणारे थकले एवढंच यावरून कळतं. मोठे खरेदीदार आल्याची खूण अजून नाही. दुसरं म्हणजे मंगळवारचा ३९४ चा नवा स्विंग लो अजून पक्का झालेला नाही. सर्वांत खालच्या कॅण्डलच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन कॅण्डल्सचे नीचांक तिच्या वर असावेत, असा साधा नियम धरला, तर उजवीकडे अजून बुधवारची एकच कॅण्डल आहे. गुरुवारचा नीचांक ३९४ च्या वर राहायला हवा.

आता हिशेब. तुम्ही ४१५ ला घेतलंत, तर स्टॉपलॉस मंगळवारच्या नीचांकाखाली, ३९२ ला लागेल. जोखीम २३ रुपये. वर सर्वांत जवळचा स्विंग हाय ४३२ ला आहे, म्हणजे अपेक्षित कमाई १७ रुपये. तिसरी कॅण्डल जितकी दमदार, तितका पॅटर्न चांगला, पण तितकीच खरेदी स्टॉपलॉसपासून लांब जाते, हा या पॅटर्नचा मूळचाच पेच आहे. उद्या भाव ४२० ला उघडला, तर जोखीम २८ आणि वाव फक्त १२. त्यामागे धावू नका.

गुरुवारी नीचांक टिकला आणि भाव ४०८ च्या आसपास परत आला, तर जोखीम १६ आणि वाव २४ होतो. तेव्हा विचार करण्यासारखं आहे. ४०३ च्या खाली बंद झाला, तर बुधवारची सगळी कमाई पुसली गेली असं समजून हा सौदा सोडून द्या.

रकमेचं गणित याहून महत्त्वाचं. पूर्ण ३ लाख ४१५ ला लावले, तर ७२२ शेअर्स येतात आणि स्टॉपलॉस लागल्यास सुमारे १६,६०० रुपये जातात. रात्रीत वाईट बातमी आली आणि भाव ३८० ला उघडला, तर स्टॉपलॉस ३९२ ला लागणारच नाही, नुकसान २५ हजारांच्या वर जाईल. ३ लाखांच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयेच पणाला लावले, तर ४०८ ला १८७ शेअर्स बसतात, साधारण ७६ हजारांचे. तेवढे पैसे एफडी न मोडता उभे राहत असतील तरच घ्या. मुदतीआधी मोडल्यावर बँक सहसा व्याजदर कापते आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. १७ रुपयांच्या वावातून हे दोन्ही वजा करून बघा.

दुसऱ्या शेअरचं उत्तर छोटं आहे. तो दोन महिने ६१० ते ६४० मध्ये फिरतोय आणि तुमची आकृती ६२५ च्या आसपास, पट्ट्याच्या मधोमध झालीय. आधी चढण नाही, त्यामुळे उलटायला काही नाही. पहिली हिरवी कॅण्डल ६१५ ते ६२७ ची, तिसरी लाल कॅण्डल ६२४ ला बंद, म्हणजे बॉडीचा जेमतेम पाव भाग खाल्ला. हा इव्हनिंग स्टार नव्हे, यावरून विकू नका. ६४० जवळ अशीच आकृती झाली आणि तिसरी कॅण्डल पहिलीच्या मध्याखाली बंद झाली, तर निम्मे विका. ६१० च्या खाली बंद झाला, तर मात्र पॅटर्नची वाट न पाहता बाहेर पडा.