हुशार आहे, पण कोणाचं ऐकून घेत नाही

ताई, माझ्या टीममध्ये दीड वर्षापूर्वी जॉइन झालेला एक मुलगा आहे. कोडिंगमध्ये खरंच भारी, बाकीच्यांना आठवडा लागतो ते हा दोन दिवसात करून मोकळा होतो. पण सीनियर लोकांनी काही सांगितलं की "ते जुन्या सिस्टिमला लागायचं" म्हणून उडवून लावतो. परवा आमच्या सगळ्यात अनुभवी सरांनी रिव्ह्यूमध्ये लिहिलं की पेमेंटला टाइमआउट आला तर रीट्राय मारू नकोस, तर सगळ्यांसमोर हसला आणि कमेंट क्लोज करून टाकली. सरांनी आता त्याचा कोड बघायचाच सोडलाय. बोलले तर हा दुसरीकडे जाईल, नाही बोलले तर सर जातील. काय करू?
— एक टीम लीड

अगं, त्याच्याशी काय बोलायचं ते नंतर बघू, आधी ती क्लोज केलेली कमेंट आजच्या आज परत उघड. कारण मुद्द्यात सर बरोबर आहेत. टाइमआउट आला म्हणजे पेमेंट फेल झालं असं नसतं, फक्त उत्तर आपल्यापर्यंत पोचलं नाही एवढंच आपल्याला कळतं. तिकडे पैसे कापले गेलेले असू शकतात आणि आपण तीच रिक्वेस्ट नव्याने पाठवली तर गिऱ्हाईकाचे दोनदा कापले जातात. म्हणून एकतर आधी स्टेटस विचारायचं, नाहीतर प्रत्येक पेमेंटला एक युनिक की द्यायची आणि रीट्रायला तीच की परत पाठवायची, म्हणजे गेटवेला कळतं की ही तीच जुनी रिक्वेस्ट आहे (अर्थात गेटवेला ती सोय असेल तर). आता बघ, अशी की असेल तर रीट्राय चालतो, म्हणजे मुलगाही पूर्ण चुकलेला नाही. पण हे बोलणं दोघांमध्ये झालंच नाही, कारण एकाने "करू नकोस" एवढंच लिहिलं आणि दुसऱ्याने ते उडवलं.

मला तुझा खरा प्रॉब्लेम इथे दिसतो. त्याचा स्वभाव बदलणं तुझ्या हातात नाही, पण तुझ्या टीममध्ये कोणी हरकत घेतली तर तिचं पुढे काय होतं, हे शंभर टक्के तुझ्या हातात आहे. सध्या ज्याच्या कोडवर हरकत आली तोच ती बंद करू शकतो, आणि हे चालत आलंय कारण कोणी थांबवलं नाही. तर नियम कर, सगळ्यांसाठी, तुझ्यासकट: कमेंट ज्याने टाकली तोच क्लोज करणार. आणि पेमेंटसारख्या नाजूक कामात कोडच्या आधी अर्धं पान लिहायचं, त्यात एक भाग "कोणाची काय हरकत होती आणि मी तिचं काय केलं" असा. ती हरकत त्याने अशी मांडायची की सरांनी वाचून म्हटलं पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग त्याने ती खुशाल नाकारावी, पण कारण देऊन. त्याने सरांचं ऐकलंच पाहिजे असा हट्ट तू अजिबात धरू नकोस, हुशार मुलं त्यानेच बिथरतात, ऐकून घेतलं पाहिजे एवढाच धर.

मग त्याच्याशी बोल. एकटीने, दार लावून, आणि फार तर पंधरा मिनिटं. "तू उद्धट आहेस" म्हणालीस की तो वकिली सुरू करणार आणि विषय संपला. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपची एक साधी रीत आहे, प्रसंग, वागणं आणि परिणाम एवढंच बोलायचं. म्हणजे असं, "परवाच्या रिव्ह्यूमध्ये सरांनी टाइमआउटचं लिहिलं, तू हसलास आणि कमेंट बंद केलीस. त्यानंतर त्यांनी तुझा कोड बघायचं सोडलंय, म्हणजे पेमेंटची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस आता तुझ्या चुका पकडत नाहीये." आणि गप्प बस. खरंच गप्प बस, ती शांतता अवघड जाते आणि आपण घाईने मध्येच "तसा तू फार छान काम करतोस" म्हणून टाकतो, मग तो घरी जाताना तेवढंच वाक्य घेऊन जातो. कौतुक कर, पण दुसऱ्या दिवशी, वेगळं.

तो बहुतेक म्हणेल की सर कारणच सांगत नाहीत. ते मान्य कर, कारण ते खरंय, आणि सांग की सरांशी मी बोलते. मग म्हण, टेस्ट सिस्टिमवर गेटवेचं उत्तर मुद्दाम उशिरा येऊ दे, आपल्या कोडची थांबायची वेळ उलटून जाईल इतकं उशिरा, आणि एका ऑर्डरला किती पेमेंट झाली ते मोज. हे त्याचं त्याला करू दे. दोन दिसली की तिथे कोणी बघायला नको, तूही नको. चार लोकांसमोर तोंडावर पडलेला माणूस शिकत नाही, तो पुढच्या वेळी आपली बाजू आणखी पक्की करून येतो.

सरांकडे मात्र त्याच्याही आधी जा. त्यांचा अपमान झालाय आणि तू तिथे असून काही बोलली नाहीस असं त्यांना वाटत असणार, त्याबद्दल सरळ बोल. मग विनंती कर की "करू नकोस" च्या पुढे एक ओळ लिहा, का नको, आणि आधी कधी काय बिघडलं होतं. वर्षानुवर्षांचा अनुभव त्यांच्या डोक्यात प्रसंगांच्या रूपात असतो आणि बाहेर येताना नुसता हुकूम होऊन येतो. त्यांना सल्ला द्यायचाच कंटाळा आला असेल तर प्रीमॉर्टेम करून बघ. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ही पद्धत मांडली होती. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी धरून चालायचं की हा प्रोजेक्ट पार बोंबलला, आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर का ते लिहायचं. यात कोणी कोणाला शिकवत नसतं, सरांचा मुद्दा सगळ्यांच्या मुद्द्यांत येतो आणि त्या मुलालाही स्वतःच्याच डिझाइनमधली भोकं शोधावी लागतात.

आणि एक तपासून बघ. तो दोन दिवसात करतो म्हणतेस, पण नंतर त्या कोडमधले बग कोण काढतं? अशा वेळी बऱ्याचदा दुसरंच कोणीतरी मागून निस्तरत असतं आणि वेगाचं श्रेय एकाच्याच नावावर जमा होतं. त्याचं मॉड्यूल रात्री बंद पडलं तर पहिला फोन त्यालाच जाईल अशी व्यवस्था कर. शिक्षा म्हणून नाही, लिहिणाऱ्याला परिणाम दिसला पाहिजे म्हणून. टीमचं ऑनकॉल असेल तर त्यात त्याचंही नाव घाल, आणि पहिल्या एकदोन वेळा सोबतीला कोणीतरी दे.

साधारण सहा आठवडे दे. तो नम्र झाला का हे बघू नकोस, ते नाटकही असू शकतं. हरकत आल्यावर उत्तर द्यायच्या आधी तो एखादा प्रश्न विचारतो का ते बघ, आणि सर परत त्याच्या कोडवर लिहायला लागलेत का. दुसरी खूण जास्त खरी.

तो सोडून जाईल ही भीती मला समजते, पण तिच्यापायी गप्प राहिलीस तर बाकीच्यांना दिसतं की हुशार असलं की इथे काहीही खपतं, आणि मग निमूटपणे काम करणारे आधी जातात. नियम सगळ्यांना सारखा असेल आणि त्याला उत्तर द्यायची पूर्ण मुभा असेल, तर चांगली पोरं सहसा टिकतात. आणि इतकं करूनही तो लोकांना सगळ्यांसमोर हसत राहिला, तर मग हा शिकवण्याचा विषय उरला नाही. तारखा आणि प्रसंग लिहून ठेव, एचआरला बरोबर घे, त्याला लेखी दे. आणि तोपर्यंत त्याला एकाही माणसाचा लीड करू नकोस, अगदी इंटर्नचाही नाही.