तोंडी, लेखी आणि अंतिम ताकीद: पत्रात नेमकं काय लिहायचं?

वेर्ण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. एक कामगार सारखा उशिरा येतो. तोंडी, लेखी आणि अंतिम ताकिदीत फरक काय, आणि पत्र कसं लिहू?

तोंडी ताकीद म्हणजे बाजूला घेऊन समज देणं. पण त्याच दिवशी रजिस्टरात तारखेसह दोन ओळी लिहून ठेवा, नाहीतर पुढे ती दिली होती हे सिद्ध करता येत नाही.

लेखी पत्रात लोक हमखास चुकतात. ‘तुमचं वर्तन बेशिस्त आहे’ हे मत झालं. त्याऐवजी लिहा: ‘आपली पाळी सकाळी ७ ला सुरू होते. आपण ३, ९ आणि १२ जूनला अनुक्रमे ७.४०, ७.३५ आणि ८.०५ ला हजर झालात. २७ मे रोजी तोंडी समज दिली होती. आपलं म्हणणं तीन दिवसांत लेखी द्यावं.’ खुलासा आला की वाचा. कदंबा बस खरंच चुकत असेल तर पाळी बदलून प्रश्न मिटतो.

अंतिम पत्रात आधीच्या पत्राची तारीख, त्यानंतरचे नवे उशीर आणि ‘पुन्हा असं घडल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल’ हे वाक्य हवं. ‘कामावरून काढू’ असं लिहू नका. अंतिम ताकीद दिली म्हणून थेट काढता येत नाही. आरोपपत्र आणि चौकशी लागतेच. आणि ज्या उशिराबद्दल ताकीद दिली, त्याच उशिरासाठी पुन्हा शिक्षा करू नका.

पत्र त्याला समजेल अशा भाषेत द्या. सही नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारा आणि प्रत पोस्टाने घरी पाठवा.