सीसी लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर

प्रश्न: मालवणात हार्डवेअरचं दुकान आहे. बँकेची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी लिमिट १० लाख, पण ६ लाखांपुढे चेक परत येतो. बँकेला द्यायचं मालाचं स्टॉक स्टेटमेंट राहिलं तर खातं अडकतं का?

उत्तर: लिमिट ही फक्त वरची मर्यादा. प्रत्यक्ष उचल ड्रॉइंग पॉवरइतकीच मिळते. समजा दुकानात १२ लाखांचा माल आहे आणि त्यातला ४ लाखांचा उधारीवर आणलाय. बँक फक्त ८ लाख धरते, त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, वजा करते, उरले ६ लाख, हीच तुमची ड्रॉइंग पॉवर. म्हणून पावसाळ्याआधी ताडपत्री, पत्रे उधारीवर भरले की गोडाऊन भरतं, पण ड्रॉइंग पॉवर वाढत नाही. माल देणाऱ्या व्यापाऱ्याचं बिल भागवलंत की वाढते.

स्टेटमेंट शक्यतो दर महिन्याला द्याच. ते तीन महिन्यांहून जुनं झालं की त्यावरची उचल अनियमित धरली जाते आणि ही स्थिती सलग ९० दिवस चालली तर खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं, मग धंदा कितीही चांगला असो. कर्जाची बाकी सलग ९० दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली तरी तेच. जुलै-ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मला जास्त काळजी वाटते ती जमेची: ९० दिवसांत लागलेलं व्याज भागेल एवढी तरी रक्कम खात्यात यायलाच हवी. रोजची विक्री, क्यूआरचे पैसेसुद्धा, याच खात्यात घ्या. दुसऱ्या बँकेत वळवू नका.

आणि गंजलेले, न खपणारे खिळे-पत्रे स्टेटमेंटमध्ये धरू नका. तपासणीला आलेला अधिकारी ते वगळतो आणि ड्रॉइंग पॉवर त्याच दिवशी खाली येऊ शकते.