डब्याआधी वीस रुपये

मित्रांनो, समजा तुम्हाला कर्वेनगरच्या होस्टेलमधल्या मुलांना ज्वारीच्या भाकरीचा डबा द्यायचाय. भांडी घेण्याआधी ग्रुपवर ‘डबा घ्याल का?’ असं विचारू नका, ओळखीतलं कुणी नाही म्हणत नाही. ‘काल रात्री कुठे जेवलात, किती पैसे गेले?’ असं विचारा.

मग इन्स्टाग्रामवर त्याच भागापुरती 3 दिवस, रोज 200 रुपयांची जाहिरात द्या. फोटोवर ठळक ‘90 रुपये’, खाली सोमवारच्या डब्यासाठी 20 रुपये आगाऊ भरायची सोय. डबा जमला नाही तर पैसे परत, हेही तिथेच लिहा. लाइक मोजू नका. 3 जणांनी पैसे भरले तर एक गिऱ्हाईक 200 रुपयांना पडलं. एका डब्यात ते निघणार नाहीत, महिनाभर टिकलं तरच परवडेल. आणि तिघांवरून लगेच गाळा घेऊ नका, जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा लावून बघा.