बारा लाखांच्या पुढे रिबेट एकदम गायब होत नाही

प्रश्न: टीवायच्या पेपरात पगारदाराचा टॅक्स जुन्या आणि नव्या रिजीमने काढताना मार्क नेमके कुठे जातात? आणि हे वेळेत कसं बसवायचं?

मार्जिनल रिलीफमध्ये जातात. धुळ्यात आमच्या प्रिलिमला एका हुशार मुलीचे त्याच ओळीवर चार मार्क कापले गेले. पेपर घेऊन ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, "सर, मना मार्क काबर कापात?" तिचं उत्तर होतं २६,०००. त्यावर काट मारून लाल पेनाने ६६,३०० लिहिलेलं.

गणित २०२५-२६ चं, जळगावात भाड्याने राहणाऱ्या नोकरदाराचं. बेसिक ९ लाख, एचआरए २.४ लाख, इतर करपात्र भत्ते १.६ लाख. भाडं महिना १५,०००. प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी मध्ये दीड लाख, मेडिक्लेम २५,०००.

नव्यात १३ लाखांतून फक्त ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन जातं, बाकीच्या वजावटींना हात लावायचा नाही. उरले १२,२५,०००. स्लॅबने टॅक्स ६३,७५०. आमचे ज्येष्ठ सहकारी इथेच थांबले आणि सेस लावून मोकळे झाले. "बारा लाख ओलांडले, रिबेट संपला," असं त्यांचं म्हणणं. साफ चूक. कलम ८७ए सांगतं की बारा लाखांवर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त टॅक्स घ्यायचा नाही. वरचे २५,०००, म्हणून टॅक्सही २५,०००, आणि ३८,७५० चा रिलीफ. त्यानंतर ४ टक्के सेस, एकूण २६,०००. मुलगी बरोबर होती. त्यांनी मात्र मार्क दिले नाहीत.

हा रिलीफ साधारण १२,७०,५८८ पर्यंत चालतो. त्यापुढे स्लॅबचा टॅक्सच कमी भरतो.

जुन्यात एचआरएची सूट तीन आकड्यांतली सर्वांत लहान: मिळालेला २.४ लाख, बेसिकचे ४० टक्के म्हणजे ३.६ लाख, किंवा १.८ लाख भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून ९०,०००. म्हणजे ९०,०००. मग ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, प्रोफेशनल टॅक्स, १.७५ लाखांच्या वजावटी, उरतात ९,८२,५००. टॅक्स १,०९,०००, सेससह १,१३,३६०. नवी रिजीम ८७,३६० ने स्वस्त. विमा-पीपीएफ असला की जुनीच बरी, असं स्टाफरूममध्ये रोज ऐकवणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

रिलीफची स्वतंत्र ओळ पेपरात दाखवाच, नुसतं उत्तर लिहू नका. गृहकर्जाचं व्याज किंवा भारी एचआरए असेल तर निकाल उलटू शकतो. आणि शेअरच्या नफ्यासारखं विशेष दराचं उत्पन्न दिलं असेल तर त्यावरच्या टॅक्सला नव्यात हा रिबेट मिळत नाही. तो टॅक्स वेगळा मांडा.