प्रपोजल देऊन पंधरवडा झाला, शेठ गप्प आहेत

"सर, बीबीए करून सोलर कंपनीत सेल्सला लागलो. कळमन्याच्या एका दालमिलला ५० किलोवॅटचं प्रपोजल दिलं, पंधरा दिवस झाले, रिप्लाय नाही. मॅनेजर म्हणतात रोज फोन कर, नाहीतर डिस्काउंट दे. काय करू?"

रोज फोन नको आणि न मागता डिस्काउंट तर अजिबात नको, कारण शेठला वाटेल की पहिला रेटच फुगवलेला होता. "सर, प्रपोजल पाहिलं का" असा मेसेजही नको, त्याला उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नसतं म्हणून ते ब्लू टिक करून सोडून देतात.

त्यापेक्षा त्यांनी दिलेलं महावितरणचं बिल परत काढ. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो, तो महिन्यानुसार नीट बघ. दालमिल सिझनवर चालते ना. समज जानेवारी ते मे या सिझनला महिन्याला ८००० युनिट लागतात, ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला ६००० आणि पावसाळ्याचे चार महिने फक्त १५००. तुझा ५० किलोवॅटचा प्लांट महिन्याला साधारण ६००० युनिट देईल, पावसाळ्यात ४५०० धर. म्हणजे त्या चार महिन्यांत दर महिन्याला ३००० युनिट ग्रिडला जातील, एकूण १२,०००. नेट मीटरिंगमध्ये ते पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण जानेवारी ते मार्च मिळून फक्त ६००० जिरतील, आणि ३१ मार्चला उरलेल्या ६००० चे महावितरण कमी दराने पैसे देते. आता हाच हिशोब ४० किलोवॅटला करून बघ, पावसाळ्यात जमलेले ८४०० युनिट मार्चच्या आधीच सगळे जिरतात.

हे शेठला सांग. हो, ऑर्डर छोटी होईल, पण माझ्या मते सेल्समध्ये नाव असंच होतं, आणि कदाचित "मिल बंद असताना या विजेचं काय?" हाच प्रश्न मनात धरून ते गप्प बसले असतील.

मेसेज असा टाक: "शेठजी, तुमचं बिल परत पाहिलं. पावसाळ्यात मिल कमी चालते, त्या हिशोबाने ५० ऐवजी ४० किलोवॅट बरा पडेल असं दिसतं. एका पानाचा हिशोब सोबत आहे. यंदा पावसाळ्यात मिल चालवायचा विचार आहे का, तेवढं सांगा, मी त्याप्रमाणे आकडे बदलून देतो." बस. मोठी पीडीएफ परत जोडू नको, एकच पान, आणि प्रश्नही एकच, ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येईल. दुपारच्या जेवणानंतर पाठव, सकाळी मालाच्या गाड्या आणि हमालांच्या गडबडीत कोण वाचतं.

मग आठ-दहा दिवस थांब. तरी काही आलं नाही तर एकदा जाऊन भेट आणि सरळ विचार की निर्णय कोण घेतंय, शेठ, मुलगा की सीए. बरेचदा कागद सीएच्या टेबलावरच पडलेला असतो, मग हेच एक पान त्याला नेऊन दे. तिथूनही नकार आला तर "पुढच्या सिझनच्या आधी बिल बघून फोन करतो" एवढं सांगून निघ, आणि ती तारीख डायरीत लिहून ठेव. मॅनेजरला हिशोबाचं पान आधी दाखव, ४० किलोवॅटचा आकडा त्यांना शेठकडून कळू नये.