वाडेमालकाचा हिशेब

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझी वाड्याची कथा दोनदा वाचली. माडीवरच्या काकू मनात राहतात. मालक मात्र राहत नाही. पहिल्या प्रवेशातच तो मिशीतल्या मिशीत हसतो आणि त्यानंतर त्याचं काय होणार हे वाचकाला कळून चुकतं.

मी स्वतः पेठेतल्या वाड्यात भाडेकरूचा मुलगा म्हणून वाढलो. आमच्या घरी मालकाचं नाव घेताना आई आवाज खाली आणायची. त्यामुळे तुझा राग मला कळतो. पण लिहायला बसताना आधी मालकाचा हिशेब मांड, अगदी कागदावर. काकूंचं भाडं महिना वीस रुपये धर. 1947 च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली होती. पुढे 1999 चा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे! पंचवीस वर्षं न चुकता वाढवलं तरी आकडा साठाच्या आतच राहतो. दर उन्हाळ्यात कौलं शाकारायची मजुरी त्यात कशी बसणार? हे गणित खरं आहे आणि मालक ते मनात रोज करतो. तुझ्या मसुद्यात ते एकदाही येत नाही.

आता त्याच्या बायकोचं आजारपण काढून टाक. सहानुभूती मिळावी म्हणून ते घातलं आहेस, पण त्याने मालक नुसता अगतिक होतो. अगतिक माणसाला वाचक माफ करतो आणि विसरतो. त्यापेक्षा त्याला न्यायाची चाड दे. भाऊ शहर सोडून गेले, वडिलांचं म्हातारपण यानेच काढलं, गळकं छप्पर यानेच सांभाळलं आणि वाटणीत मात्र सगळे सारखे. दुसऱ्याची सोय आपण आयुष्यभर पदरमोड करून केली असं त्याला वाटतं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे.

मग त्याची पावलं क्रमाने लिही. आधी तो काकूंना पैसे देऊ करतो, आणि रक्कम लाजिरवाणी नसू दे. काकू नकार देतात. बिल्डर म्हणतो, वाडा रिकामा झाल्याशिवाय करार नाही. तुझ्या मसुद्यात तो इथे पाणी तोडतो. ते नको. भाडेकरूचं पाणी तोडायला कायद्याने बंदी आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तो स्वतःला कायद्याने वागणारा माणूस समजतो. मे महिन्यात तो नेहमीप्रमाणे शाकारणीला माणूस बोलावतो. कौलं खरोखरच खराब आहेत. ती उतरवून अंगणात रचली जातात. माणूस विचारतो, "परत कधी बसवायची?" मालक म्हणतो, "सांगतो."

तुझ्या कथेतला गुन्हा एवढाच. पुढे पाऊस येतो, जिना ओला होतो, काकू पडतात. ते तू छान लिहिलं आहेस, त्याला हात लावू नकोस. फक्त पहिल्या सरीला मालकाने स्वतः ताडपत्री वर पाठवलेली दाखव. तो ती मनापासून पाठवतो, आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागते.

हे साधलं की नाही ते पाहायला मी एक गोष्ट करतो. मालकाला त्याच्या मुलीसमोर बसवायचं आणि सगळी हकिगत त्याच्या तोंडून एक पानभर लिहायची. ते पान कथेत घालायचं नाही. तो भाड्याचे आकडे सांगेल, भावांबद्दल सांगेल, ताडपत्री तर नक्कीच सांगेल. काय गाळतो ते बघ. "सांगतो" हा शब्द त्याने गाळला, तर माणूस बरोबर उतरला आहे. तोही त्याने बिनदिक्कत सांगितला, तर तो अजून तुझा जुना मिशीवालाच आहे. आणि गाळण्यासारखं काहीच सापडलं नाही, तर तू त्याला नुसताच बिचारा करून ठेवलं आहेस.

या शेवटच्या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे. मालक इतका पटला की माझी म्हातारी भाडेकरू निव्वळ हट्टी वाटायला लागली. तेव्हा काकूंचाही हिशेब मांड. हातात येणारी पेन्शन, बाहेर एका खोलीला पडणारं भाडं, चालत जाता येईल असा दवाखाना. हे आकडे मालकालाही माहीत असायला हवेत. एकदा तरी त्याने ते मनात जुळवलेले असावेत आणि मग विषय बदललेला असावा.

निवेदकाची विशेषणंही तपासून घे. "कपटी", "थंड", "हिशेबी" ही सगळी तुझी आहेत. तो प्रवेश त्याच्या नजरेतून असेल तर शब्दही त्याचेच हवेत. त्याच्या तोंडी "छप्पर काढलं" येणार नाही, "दुरुस्ती काढली" येईल.

नवा मसुदा झाला की घेऊन ये. दुपारी दोन ते चार सोडून कधीही, तुला पुण्यात राहून ते सांगायला नको.

तुझा,
काका